संगणकाचा चष्मा आणि वाचनाचा चष्मा : मध्यम अंतरावरील दृष्टीचा विचार

प्रस्तावना

महाविद्यालयीन कार्यालयात आज असे एकही टेबल उरलेले नाही की ज्यावर संगणकाचा पडदा नाही. प्रवेशप्रक्रिया, वेतनदेयके, परीक्षेचे गुण, विद्यापीठाशी होणारा पत्रव्यवहार ही सारी कामे पडद्यावर होतात. या टेबलामागे बसलेल्या पन्नाशीच्या कर्मचाऱ्याकडे थोडा वेळ लक्ष दिले, तर एक गोष्ट हमखास दिसते. चष्मा डोळ्यांवर असूनही तो मान पुढे काढून पडद्याकडे झुकलेला असतो, किंवा हनुवटी वर करून भिंगाच्या खालच्या भागातून पडद्याकडे पाहत असतो. संध्याकाळी मान आणि खांदे दुखू लागले की तो दोष खुर्चीला देतो, वयाला देतो, क्वचित संगणकालाही देतो. चष्म्याचा संशय त्याला सहसा येत नाही, कारण चष्मा नवा असतो, नुकताच तपासून घेतलेला असतो आणि वर्तमानपत्र त्यातून स्वच्छ वाचता येते.

वर्तमानपत्र स्वच्छ दिसते म्हणून पडदाही स्वच्छ दिसला पाहिजे, हे गृहीतक येथे चुकते. वाचनाचा चष्मा एका विशिष्ट अंतरासाठी बनवलेला असतो आणि पडदा त्या अंतरावर नसतो. हा फरक वीस-पंचवीस सेंटिमीटरचा, म्हणजे हाताच्या एका वितीएवढा असतो. तेवढ्यानेच एक चष्मा निरुपयोगी आणि दुसरा आवश्यक कसा ठरतो, हे प्रस्तुत लेखात एका उदाहरणाच्या आधारे पाहावयाचे आहे. त्यासाठी लागणारे गणित एक भागिले अंतर एवढेच आहे.

चाळिशीचे गणित

निरोगी डोळा शिथिल असताना दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलावर नेमकी पाडतो. वस्तू जवळ आली की नेत्रभिंगाभोवतीचा स्नायू आकुंचन पावतो, भिंग अधिक फुगीर होते आणि डोळ्याची शक्ती वाढते. यालाच समायोजन म्हणतात. किती समायोजन लागेल, हे मीटरमधील अंतराने १ ला भागले की डायॉप्टरमध्ये मिळते. ४० सेंमीवरील पुस्तकासाठी २.५० डायॉप्टर आणि ६५ सेंमीवरील पडद्यासाठी सुमारे १.५० डायॉप्टर लागतात. सहा मीटरवरील फलकासाठी लागणारे समायोजन जवळजवळ नगण्य असते.

वयानुसार नेत्रभिंग कठीण होत जाते आणि समायोजन शक्ती घटत जाते. ही घट कशी होते, याचे एक सोपे सूत्र हेन्री हॉफस्टेटर या अमेरिकी दृष्टिमितितज्ज्ञाने जुन्या मोजमापांच्या आधारे १९५० साली मांडले. त्यानुसार एखाद्या वयात किमान अपेक्षित असलेली समायोजन शक्ती म्हणजे १५ मधून वयाचा चौथा हिस्सा वजा करून उरणारी संख्या होय. विसाव्या वर्षी ती १० डायॉप्टर असते, चाळिसाव्या वर्षी ५ आणि छपन्नाव्या वर्षी अवघी १. हे सूत्र व्यक्तीगणिक मागेपुढे होते आणि साठीनंतर ते फारसे उपयोगी राहत नाही. तथापि घट कोणत्या गतीने होते, हे समजण्यास ते पुरेसे आहे.

दृष्टितपासणीत आणखी एक व्यवहारी नियम पाळला जातो. उपलब्ध समायोजन शक्तीपैकी सुमारे निम्मीच शक्ती माणूस दीर्घकाळ आणि विनासायास वापरू शकतो. उरलेली निम्मी राखीव असावी लागते. मुठीत सारे बळ एकवटून क्षणभर वजन उचलता येते, पण ते दिवसभर धरून ठेवता येत नाही, तसेच हे आहे. हा नियम वरील सूत्राला जोडला की एक मौज दिसते. चाळिसाव्या वर्षी किमान शक्ती ५ डायॉप्टर, तिची निम्मी २.५० आणि ४० सेंमीवरील पुस्तकासाठी लागणारी शक्तीही नेमकी २.५०. म्हणजे याच वयात पुस्तक वाचण्याची सोय संपुष्टात येऊ लागते. या अवस्थेला आणि तिच्यासाठी लागणाऱ्या चष्म्यालाही आपल्या भाषेने ‘चाळिशी’ हे एकच नाव दिले, ते कोणत्याही सूत्राविना. शालेय पाठ्यपुस्तकांतील ‘वृद्धदृष्टिता’ या शब्दापेक्षा तो शब्द अधिक नेमका आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

हेच गणित पडद्याला लावून पाहू. ६५ सेंमीवरील पडद्यासाठी सुमारे १.५० डायॉप्टर लागतात. ते विनासायास पुरवायचे तर एकूण शक्ती ३ डायॉप्टर हवी, आणि सूत्रानुसार ती अठ्ठेचाळिसाव्या वर्षापर्यंत असते. म्हणजे पडद्याची ‘चाळिशी’ पुस्तकाच्या चाळिशीनंतर सात-आठ वर्षांनी येते. पंचेचाळिशीतील प्राध्यापक पुस्तकासाठी चष्मा लावतो आणि पडद्यासाठी तो काढून ठेवतो, यात त्याची काहीच चूक नसते. त्या वयात दूरदृष्टी निर्दोष असल्यास पडद्यासाठी चष्म्याची खरोखर गरज नसते. अडचण सुरू होते ती पन्नाशीच्या आसपास. तेव्हा उघड्या डोळ्यांनी पडदा पाहणे श्रमाचे होते आणि वाचनाच्या चष्म्यातून तो धूसर दिसतो.

एक उदाहरण

छपन्न वर्षांच्या एका कार्यालयीन अधीक्षकांचे उदाहरण घेऊ. त्यांचा दूरचा नंबर दोन्ही डोळ्यांना +०.५० आहे आणि दंडगोल, म्हणजेच सिलिंडर नंबर नाही. दूरचा नंबर लावून मोजलेली त्यांची समायोजन शक्ती १ डायॉप्टर भरली. त्यापैकी निम्मी, म्हणजे ०.५० डायॉप्टर, ते दिवसभर वापरू शकतील.

पुस्तक ४० सेंमीवर धरले तर २.५० डायॉप्टर लागतात. त्यांतील ०.५० ते स्वतः पुरवतात आणि उरलेले २.०० भिंगाने द्यावयाचे असतात. ही जादा शक्ती दूरच्या नंबरात मिळवली जाते, म्हणून तिला अ‍ॅडिशन म्हणतात. दूरचा +०.५० आणि अ‍ॅडिशन +२.०० मिळून त्यांचा वाचनाचा चष्मा +२.५० चा झाला. तपासणीत तो निर्दोष ठरला आणि नमुन्याच्या कार्डावरील सर्वांत बारीक ओळही त्यांना वाचता आली.

आता हा चष्मा लावून त्यांना किती अंतरापर्यंत स्पष्ट दिसेल ते पाहू. डोळा पूर्ण शिथिल केला तरी भिंगातील २.०० डायॉप्टरची जादा शक्ती तशीच राहते. तिच्याशी जुळणारे अंतर १ भागिले २, म्हणजे ५० सेंमी. ही त्यांच्या स्पष्ट दृष्टीची दूरची सीमा होय. स्वतःचे सारे बळ लावले तर एकूण शक्ती ३.०० होते आणि जवळची सीमा ३३ सेंमी येते. वाचनाच्या चष्म्यातून त्यांचे स्पष्ट जग हे असे ३३ ते ५० सेंमीपर्यंतचे, जेमतेम सतरा सेंटिमीटर जाडीचे आहे. पडदा ६५ सेंमीवर आहे; तो या जगाच्या बाहेर पडतो.

येथे एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. जवळच्या सीमेच्या अलीकडची वस्तू धूसर दिसते तेव्हा डोळा धडपड करू शकतो. दूरच्या सीमेपलीकडील वस्तूच्या बाबतीत मात्र त्याच्या हाती काहीच नसते. डोळा आपली शक्ती वाढवू शकतो. चष्म्याने दिलेली शक्ती तो कमी करू शकत नाही. त्यामुळे उरतो तो एकच उपाय, पडद्याच्या जवळ जाण्याचा. अधीक्षक पंधरा सेंटिमीटर पुढे झुकतात, पडदा ५० सेंमीच्या सीमेत येतो आणि अक्षरे स्पष्ट होतात. हे झुकणे ते जाणूनबुजून करीत नाहीत, आणि दिवसातले सहा तास ते तसेच बसतात. पाठ खुर्चीच्या टेकणीपासून सुटते, मान पुढे येते आणि डोक्याचा सारा भार मानेमागील स्नायूंवर पडतो. मानदुखीचे मूळ येथे आहे, आणि खुर्ची बदलून ते जाणार नाही.

आता संगणकासाठी स्वतंत्र चष्मा काढू. ६५ सेंमीसाठी लागणाऱ्या सुमारे १.५० डायॉप्टरपैकी ०.५० ते स्वतः देतील. म्हणून अ‍ॅडिशन +१.००, आणि दूरचा नंबर मिळवून चष्मा +१.५० चा. यातून दूरची सीमा १ मीटर येते आणि जवळची सीमा ५० सेंमी. पडदा या पट्ट्याच्या आत, सोयीच्या जागी येतो. अधीक्षक टेकून बसू शकतात आणि समोर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याचा चेहराही त्यांना बऱ्यापैकी ओळखू येतो. वाचनाच्या आणि संगणकाच्या चष्म्यांतील फरक तो हाच, १ डायॉप्टरचा. सामान्यतः संगणकाची अ‍ॅडिशन वाचनाच्या अ‍ॅडिशनच्या निम्म्याच्या आसपास येते. मात्र ‘निम्मे करा’ हा नियम नव्हे, कारण प्रत्येकाचा पडदा आपापल्या अंतरावर असतो.

हे दोन पट्टे शेजारी ठेवून पाहावेत. पहिला ३३ ते ५० सेंमीचा, दुसरा ५० ते १०० सेंमीचा. ते एकमेकांना टोकाशी भिडतात, पण एकमेकांवर येत नाहीत. म्हणजे संगणकाचा चष्मा लावून टेबलावर ठेवलेली आवक-जावक नोंदवही वाचता येणार नाही. ती ४० ते ४५ सेंमीवर असते. ‘नवीन चष्म्यातून पडदा दिसतो, पण कागद दिसत नाही’ ही तक्रार घेऊन लोक दुकानात परततात, आणि त्यांची समजूत घालण्यासाठी नंबर थोडा वाढवून दिला की पुन्हा पडदा धूसर होतो. वस्तुतः चष्म्यात चूक नसते. या वयात उरलेली समायोजन शक्तीच इतकी तोकडी असते की एका शक्तीच्या भिंगातून दोन्ही अंतरे साधत नाहीत. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे कागद उभा धरणारे साधे लाकडी किंवा पत्र्याचे स्टँड पडद्याच्या शेजारी, पडद्याइतक्याच अंतरावर ठेवणे. टंकलेखनाच्या काळात प्रत्येक टंकलेखकाजवळ असे स्टँड असे. संगणक आला आणि ते माळ्यावर गेले.

निकटदृष्टी असलेल्यांची सोय

याच वयाचे, तेवढीच समायोजन शक्ती असलेले, परंतु दूरचा नंबर −१.५० असलेले एक सहकारी शेजारच्या टेबलावर बसतात असे समजू. त्यांनी चष्मा काढून ठेवला की जणू +१.५० ची अ‍ॅडिशन आपोआप मिळते. उघड्या डोळ्यांनी त्यांची दूरची सीमा ६७ सेंमी आणि जवळची ४० सेंमी येते. पडदाही त्यात बसतो आणि कागदही. त्यांच्यासाठी संगणकाचा उत्तम चष्मा म्हणजे चष्मा नसणे. पडद्यापुढे चष्मा कपाळावर सरकवणाऱ्या अशा व्यक्तीस घरची मंडळी ‘नंबर वाढेल’ म्हणून टोकतात. या वयात त्या भीतीस आधार नाही. दोन डोळ्यांचे नंबर बरेच भिन्न असतील किंवा सिलिंडर नंबर असेल, तर मात्र ही सोय मिळत नाही आणि बनवून घेतलेलाच चष्मा लागतो.

याच कारणाने रस्त्यावर किंवा औषधाच्या दुकानात मिळणारा तयार चष्मा संगणकासाठी जपून घ्यावा. त्यात दोन्ही डोळ्यांना एकच शक्ती असते आणि सिलिंडर नसतो. ज्यांचे दोन्ही डोळे सारखे आहेत, त्यांना +१.५० चा तयार चष्मा पडद्यासाठी उत्तम चालूही शकतो. परंतु विकत घेताना माणूस हाती मिळेल तो कागद वाचून पाहतो आणि कागदास योग्य असाच, म्हणजे पडद्यासाठी अधिक शक्तीचा, चष्मा निवडतो.

द्विनाभीय आणि प्रोग्रेसिव्ह भिंगे

दूरचे व जवळचे एकाच चौकटीत हवे म्हणून अनेक जण द्विनाभीय, म्हणजेच बायफोकल, भिंगे वापरतात. वरचा भाग दूरसाठी आणि खालचा तुकडा वाचनासाठी. अधीक्षकांनी असा चष्मा लावला तर वरच्या भागातून त्यांची जवळची सीमा १ मीटर येते आणि खालच्या तुकड्यातून दूरची सीमा ५० सेंमी. पडदा नेमका या दोहोंमधल्या पोकळीत सापडतो. शिवाय वाचनाचा तुकडा खाली असतो, कारण पुस्तक खाली, मांडीवर वा टेबलावर असते. पडदा समोर, उभा असतो. तुकड्यातून तो पाहायचा तर हनुवटी वर करावी लागते आणि इतके करूनही पुढे झुकावे लागतेच. बायफोकल लावून पडद्यापुढे बसणाऱ्यास ओळखावयाचे असल्यास त्याची हनुवटी पाहावी.

प्रोग्रेसिव्ह भिंगांत ही पोकळी नसते. फ्रान्समध्ये बर्नार्ड मेतेनाझ यांनी विकसित केलेले व्हॅरिलक्स हे भिंग १९५९ साली बाजारात आले, आणि वरून खाली शक्ती क्रमाक्रमाने वाढत जाणाऱ्या भिंगाची कल्पना व्यवहारात रुजली. अशा भिंगात मध्यम अंतराची शक्ती कोठे ना कोठे असतेच. मग संगणकासाठी वेगळा चष्मा कशाला, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. त्याचे उत्तर भिंगाच्या भूमितीत आहे, आणि ते जाहिरातींत सहसा सांगितले जात नाही.

प्रोग्रेसिव्ह भिंगाच्या मध्यातून वरून खाली एक अरुंद, निर्दोष वाट असते. तिला कॉरिडॉर म्हणतात. या वाटेच्या दोन्ही बाजूंस प्रतिमा विकृत करणारा नकोसा सिलिंडर उत्पन्न होतो. तो टाळता येत नाही. मिंकविट्झ या जर्मन अभ्यासकाने १९६३ साली दाखवून दिले की, वाटेवर शक्ती ज्या गतीने वाढते त्याच्या दुप्पट गतीने हा नकोसा सिलिंडर वाटेच्या बाजूस वाढतो. चढ जितका तीव्र, तितका घाटरस्ता अरुंद, असे म्हणता येईल.

अधीक्षकांसाठी याचा ढोबळ हिशेब करून पाहू. सामान्य प्रोग्रेसिव्ह भिंगात २.०० डायॉप्टरची वाढ १४ मिलिमीटरच्या वाटेवर होते, म्हणजे दर मिलिमीटरला ०.१४ डायॉप्टर. बाजूचा सिलिंडर त्याच्या दुप्पट गतीने, दर मिलिमीटरला ०.२८ ने वाढेल. अर्ध्या डायॉप्टरपर्यंतचा सिलिंडर सहन होतो असे मानले, तर वाटेच्या प्रत्येक बाजूस पावणेदोन मिलिमीटर, म्हणजे एकूण साडेतीन मिलिमीटर रुंदी हाती येते. डोळा ज्या बिंदूभोवती फिरतो तो भिंगाच्या मागे सुमारे २७ मिलिमीटरवर असतो. त्यामुळे ६५ सेंमीवरील पडद्यावर या पट्टीची रुंदी सुमारे पंचवीस पटींनी वाढून अदमासे ९ सेंमी होते. चौदा इंची लॅपटॉपचा पडदा ३१ सेंमी रुंद असतो. म्हणजे एक ओळ वाचण्यासाठी डोळे फिरवून भागत नाही, मान फिरवावी लागते. उत्पादक या मर्यादेत निरनिराळ्या युक्त्या योजतात, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे थोडे बदलतील. परंतु नियमाच्या कचाट्यातून कोणतेच भिंग सुटत नाही. शिवाय मध्यम अंतराची शक्ती बाहुलीच्या पातळीखाली सहा-सात मिलिमीटरवर येते. पडदा डोळ्यांच्या पातळीत असेल, तर येथेही हनुवटी थोडी वर करावी लागतेच.

यावर उपाय म्हणून कार्यालयीन वापरासाठी वेगळी भिंगे निघाली. ऑफिस लेन्स किंवा डिग्रेसिव्ह या नावांनी ती मिळतात. त्यांत दूरची दृष्टी मुळीच दिलेली नसते. खाली वाचनाची पूर्ण शक्ती असते आणि वर जाताना ती ठरावीक प्रमाणात कमी होत जाते. अधीक्षकांसाठी खाली +२.५० आणि वर +१.५० अशी रचना करता येईल, म्हणजे घट केवळ १ डायॉप्टरची, आणि तीही २० मिलिमीटरमध्ये पसरलेली. मघाचाच हिशेब लावला, तर निर्दोष पट्टीची रुंदी १० मिलिमीटर आणि पडद्यावर सुमारे २५ सेंमी येते. दूरच्या दृष्टीवर पाणी सोडल्याबरोबर पडद्यावरील पट्टी जवळजवळ तिप्पट झाली. टेबलावरील नोंदवही आणि समोरचा पडदा या दोहोंकडे सारखे पाहावे लागणाऱ्यास हे भिंग उपयोगी आहे. मात्र ते लावून भिंतीवरील घड्याळ धूसर दिसेल आणि जिना उतरताना पायरीचा अंदाज चुकेल. वाहन चालवताना ते कधीही वापरू नये. कार्यालयातून निघताना हा चष्मा टेबलाच्या खणात ठेवण्याची सवय लावून घेतलेली बरी.

ज्याचे काम जवळजवळ सर्वस्वी पडद्यावरच आहे, त्याने मात्र ही महाग भिंगे घेण्याचे कारण नाही. एकाच शक्तीच्या साध्या भिंगात पट्टीचा प्रश्नच नसतो. पडदा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सारखा दिसतो. प्रस्तुत लेखकाच्या मते बहुतेक कार्यालयीन कर्मचाऱ्यांनी सुरुवात या साध्या चष्म्याने आणि कागदाच्या स्टँडने करावी.

तपासणीत काय चुकते

चष्म्याच्या दुकानात दूरची तपासणी सहा मीटरवर किंवा आरशाच्या साहाय्याने तीनवर होते आणि जवळची हातातील कार्डावर. पडद्याचे अंतर तपासणाऱ्यास ठाऊक नसते, कारण पडदा कार्यालयात असतो. ते सांगण्याची जबाबदारी चष्मा घेणाऱ्याची आहे. नेहमीप्रमाणे टेकून बसावे आणि सहकाऱ्यास नाकाच्या बैठकीपासून पडद्याच्या मध्यापर्यंतचे अंतर टेपने मोजावयास सांगावे. स्वतः मोजू नये. टेप धरताना माणूस पुढे वाकतो आणि माप कमी भरते. मोजतेवेळी जुना चष्मा काढून आणि पडद्यावरील अक्षरे न वाचता बसावे, अन्यथा जुन्या चष्म्याने लावलेले झुकणेच मोजले जाते. कागदाचे अंतर आणि पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीच्या वर आहे की खाली, हेही टिपून न्यावे. पडदा मुळातच गैरसोयीच्या जागी असेल, तर आधी तो हलवावा. हातभर अंतरावर आणि वरची कड डोळ्यांच्या पातळीत वा किंचित खाली असावी.

चष्मा हाती आल्यावर तो योग्य आहे की नाही, हे स्वतःलाच ओळखता येते. पडद्यापुढे नेहमीच्या जागी बसून लहान अक्षरांचा मजकूर पाहावा. डोके पुढे नेल्यावर अक्षरे अधिक स्पष्ट झाली, तर भिंगाची शक्ती जास्त आहे. मागे नेल्यावर स्पष्ट झाली, तर ती कमी आहे. दोन्ही दिशांना थोडे सरकूनही मजकूर स्पष्ट राहिला, तर पडदा पट्ट्याच्या आत आहे. पुढेमागे होऊन काहीच फरक पडत नसेल आणि तरीही अक्षरे धूसर असतील, तर सिलिंडर नंबर किंवा डोळ्याचा अन्य विकार असू शकतो. अशा वेळी चष्म्याशी खेळत न बसता नेत्रतज्ज्ञाकडे जावे. चाळिशीनंतर मोतीबिंदू, काचबिंदू आणि मधुमेहामुळे होणारे दृष्टिपटलाचे विकार यांची तपासणी नंबर काढण्याच्या निमित्ताने होऊन जाते, हाही एक लाभच.

चष्म्याने जे होत नाही

डोळ्यांत कोरडेपणा, चुरचुर आणि लाली या तक्रारींचे कारण बहुधा वेगळे असते. पडद्याकडे पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते. त्सुबोता आणि नाकामोरी या जपानी संशोधकांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापानुसार, निवांत बसलेला माणूस मिनिटाला सरासरी २२ वेळा पापणी लववतो, पुस्तक वाचताना १० वेळा आणि पडद्याकडे पाहताना केवळ ७ वेळा. अश्रूंचा थर मधल्या काळात सुकतो. पंख्याचा किंवा वातानुकूलन यंत्राचा झोत तोंडावर येत असेल तर अधिकच. यावर कोणत्याही नंबराचे भिंग उपाय नाही; झोताची दिशा बदलावी आणि मधूनमधून डोळे मिटावेत.

‘संगणकाचा चष्मा’ या नावाने बाजारात आणखी एक वस्तू विकली जाते. तिला नंबर नसतो. भिंगावर निळा प्रकाश अडवणारा लेप असतो आणि पावती थोडी मोठी येते. कोक्रेन या संस्थेने २०२३ साली सतरा चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. अल्पकालीन वापरात अशा भिंगांमुळे साध्या भिंगांच्या तुलनेत डोळ्यांचा थकवा कमी होत नसावा, असे त्यातून दिसले. ज्याचा पडदा स्पष्ट दृष्टीच्या पट्ट्याबाहेर आहे, त्याने लेपासाठी पैसे मोजण्याचे कारण दिसत नाही.

या दोन वस्तूंतील भेद युरोपात कायद्यानेही ओळखला आहे. पडद्यावर काम करणाऱ्यांविषयीच्या युरोपीय समुदायाच्या १९९० च्या निर्देशानुसार, नेत्रतपासणीत गरज दिसून आली आणि नेहमीचा चष्मा त्या कामास चालत नसेल, तर विशेष चष्मा मालकाने पुरवावयाचा असतो. रुमानियातील एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये निर्णय दिला की, असा चष्मा प्रत्यक्ष द्यावा किंवा त्याचा खर्च भरून द्यावा. वेतनातील सर्वसाधारण भत्ता देऊन ही जबाबदारी पार पडत नाही. आपल्या कार्यालयांत खुर्च्या आणि पडदे यांची निविदा निघते, पण त्यांच्यामधील अंतर कोणाच्याच खात्यात मोडत नाही.

वयाबरोबर हा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. वरील अधीक्षक साठीच्या जवळ आले आणि त्यांची समायोजन शक्ती अर्ध्या डायॉप्टरवर आली असे धरू. आता ते स्वतः पाव डायॉप्टरच देऊ शकतील. म्हणून वाचनाची अ‍ॅडिशन +२.२५ आणि संगणकाची +१.२५ होईल. संगणकाच्या चष्म्यातून त्यांची दूरची सीमा ८० सेंमी आणि जवळची ५७ सेंमी येईल. ६५ सेंमीवरील पडदा अजून आत आहे. परंतु कार्यालयाने मधल्या काळात त्यांना लॅपटॉप दिला असेल आणि तो ५० सेंमीवर येत असेल, तर चष्मा नवा असूनही ते आता मागे झुकतील.